सातच्या खाली आकडेच नाहीत

"परवेझभाई, हा गेम कॅफेत टाकाच. या यूट्यूबरने दहापैकी नऊ दिलेत," रोज खेळायला येणारी निकिता मोबाईल पुढे करत म्हणाली. नगरच्या दिल्लीगेटजवळ गेमिंग कॅफे चालवणाऱ्या परवेझचे असले नऊ बघून बघून डोळे शिणले होते.

"या पठ्ठ्याने सगळ्यात भिकार गेमला किती दिलेत?"

तिने शोधलं. "सात."

"म्हणजे याला सातच्या खाली आकडेच येत नाहीत. याचे नऊ म्हणजे आपलं 'बरा आहे'." त्याने व्हिडिओ पहिल्यापासून लावला. कोपऱ्यात 'सशुल्क प्रमोशनचा समावेश' अशी अक्षरं आली आणि लगेच गेली. "दिसलं? पैसे घेऊन बोलतोय. वर गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आहे. बनवणं चालूच, विक्री आधी. हा दोन तास खेळून म्हणतो शेवटपर्यंत मजा येते. अगं, शेवट अजून बनलाच नाही!"

"मग खरं कोण सांगतं?"

"पदरचे पैसे घालून महिनाभर खेळलेत ते. त्यांच्या तक्रारी आधी वाच. एकच रड सगळे आपापल्या शब्दांत रडत असतील, तर ती खरी धर."

निकिता काउंटरमागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे परवेझनेच चिकटवलेला कागद होता: 'मॅपवर कॅफेला पाच स्टार द्या, अर्धा तास फुकट खेळा.'

"मीही दिलेत," ती म्हणाली. "त्या दिवशी एसी बंद होता."

परवेझने कागद काढायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. समोरच्या कॅफेला चार पॉइंट नऊ होते.