ताणासूत्रभंगनिरोधक

आमचा हेरंब हुशार आहे, हे मी नाकारत नाही. पण हुशार माणसाच्या हातात लेखणी दिली की तो आधी स्वतःचाच गळा कापतो.

परळच्या गिरणीतली इंजिनियरची नोकरी सोडून त्याने एक यंत्र बनवलं होतं. ते बनवायचा कारखाना काढायला भांडवल हवं होतं, आणि त्यासाठी त्याने स्वतःला घातलेली मुदत संपत आली होती. भांडवल जमलं नाही तर अहमदाबादच्या गिरणीतली जागा त्याची वाट पाहत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेत घसा फोडणारा माझा भाऊ नोकरीला अहमदाबादेत! आईला हसावं की रडावं कळेना.

त्या अभिमानापायीच त्याने माहितीपत्रक अस्सल मराठीत लिहिलं. अस्सल म्हणजे कुठल्याच मराठी माणसाला न कळणारं. दादरला आमच्या घरी त्याने ते वाचून दाखवलं. ‘ताणासूत्रभंगनिरोधक स्वयंचलित यंत्रणा विद्युत्परिपथपूर्तीद्वारे वस्त्रदोषसंभाव्यता न्यून करते.’ ऐकायला भांडवल घालू शकतील असे तिघे होते: हिंदमाताचे साडीवाले मनमोहनशेठ, शीवचे डॉक्टर शरच्चंद्र आणि गिरगावचे वकील कमलाकांत. तिघांनी माना डोलावल्या, “वा, वा” म्हणाले, कांदेपोहे संपवले आणि गेले. पंधरवडा उलटला तरी एकाचाही निरोप नाही.

गिरगावातल्या छापखान्यात मी जाहिराती लिहिते. माना कशासाठी डोलतात, हे मला कळतं. साडी घ्यायच्या निमित्ताने मी मनमोहनशेठांना विचारलं, “यंत्र कसं वाटलं?”

“डॉक्टरांना पटलंय ना, मग झालं,” शेठ म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, “मनमोहनशेठ कापडातले. त्यांना समजलं म्हणजे ठीकच असणार.”

वकीलसाहेब तेवढे प्रामाणिक. “शैलाबाई, ते दोघे मान हलवत होते. मी एकट्याने कशाला अडाणी दिसायचं?”

मी घरी येऊन हेरंबला हे सांगितलं, तेव्हा तो भडकला. “मग काय ताई, पहिलीच्या पोरांसाठी लिहू?”

“नाही. साडी विकणाऱ्यासाठी, नाडी बघणाऱ्यासाठी आणि कज्जे लढणाऱ्यासाठी लिही. बोल, यंत्र करतं काय?”

“मागावरच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर पातळ पत्ती लटकते. धागा तुटला की पत्ती खाली पडते, विजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि माग बंद.”

“हे लिही.”

“एवढंच? यात शास्त्र कुठे दिसतं?”

“शास्त्र यंत्रात असू दे.”

त्याची चिडचिड चालू असतानाच मी एकेक वाक्य मोडत गेले. ‘ताणा’ ठेवला, पण पहिल्याच ठिकाणी ‘कापडातले उभे धागे’ असं सांगून. शेवटी चार परिच्छेद उरले आणि मला एक भोक दिसलं. एवढ्या शब्दांच्या गर्दीत ते आजवर झाकलं गेलं होतं.

“हेरंब, हे विकत कोण घेणार?”

“गिरण्या! हे गृहीतच आहे.”

“कुठली गिरणी? कुणी वापरून पाहिलंय?”

माझा वाचाळ भाऊ उगाच कागद उलटसुलट करू लागला. मला त्याची दया आली, पण मी ती दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी तो परळला गेला आणि आपल्या जुन्या गिरणीतल्या, मागांवर देखरेख करणाऱ्या ओळखीच्या मास्तरांना गळ घालून एका जुन्या मागावर यंत्र बसवून आला. आठवड्याने मास्तरांनी आणखी मागांसाठी भाव विचारला. तो आमचा पाचवा परिच्छेद.

पुन्हा तिघे आले. या वेळी वाचन मी केलं, आणि कागद मिटून मुद्दाम म्हटलं, “वकीलसाहेब, आता तुम्ही आम्हाला सांगा.”

ते दचकले, पण बोलले. “धागा तुटतो, पत्ती पडते, माग थांबतो. म्हणजे तुटल्या धाग्याचं कापड पुढे विणलं जात नाही.”

“म्हणजे माझ्या दुकानात उभी फट पडलेली साडी येणार नाही!” मनमोहनशेठ ओरडले आणि लगेच उलटले. “पण माग सारखा थांबला तर माल कमी निघेल त्याचं काय?”

“थांबतो धागा तुटल्यावरच. तो वेळ जातो, पण खराब कापड वाचतं,” हेरंब म्हणाला.

“पत्तीवर कापसाची धूळ बसली तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“ती रोज झाडावी लागते.”

अर्धा तास तिघांनी त्याला नुसतं सोलून काढलं. पोह्यांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. हेरंबचा चेहरा एवढासा झाला. “मागच्या वेळी तुम्हाला किती आवडलं होतं!” तो कळवळून म्हणाला.

“मागच्या वेळी मला घरी जायचं होतं,” मनमोहनशेठ म्हणाले. “आज पैसे घालायचेत.”

तिघांनीही घातले. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

हेरंबने त्याच दिवशी अहमदाबादला नकार पाठवला, मला न दाखवता, अस्सल मराठीत. आठवड्याने उत्तर आलं: आपल्या स्वीकृतीबद्दल आभार, सोमवारी रुजू व्हावे.

मी तार केली. ‘हेरंब येत नाही.’