तिसऱ्या पानावरचा प्रश्न

बैठक सुरू होऊन चहाचे कप अजून अर्धेही झाले नव्हते, तोच तिने मागितलेलं पाळणाघर मंजूर झाल्यात जमा होतं. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"टिपण वाचलं मी. मुद्देसूद आहे," रंगाच्या त्या कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले. "बाळंतपणाच्या रजेनंतर बायका नोकरी सोडतात, त्यावर उपाय हवाच. रिकामी कोठी पाळणाघराला द्यायची. कोणाचं काही?"

"फार मनापासून लिहिलंय," एचआरच्या मॅडम म्हणाल्या.

"आमच्याकडून हरकत नाही," सुरक्षा अधिकारी म्हणाले. त्यांना सगळे हेल्मेटकाका म्हणत. डोकं उघडं दिसलं की ते भल्याभल्यांना वर्कशॉपच्या दारातून परत पाठवत.

तिच्या जिवात जीव आला. सासूबाई महिनाअखेर नणंदेच्या बाळंतपणाला जाणार होत्या, आणि आठ महिन्यांच्या लेकीला कुठे ठेवायचं या विचाराने तिची झोप उडाली होती. नाहीतर राजीनामाच. हेल्मेटकाकांच्या उत्तराने तर तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. टिपणाच्या तिसऱ्या पानावर तिने खास त्यांना ठळक अक्षरांत विचारलं होतं: कोठीच्या मागे थिनरचं गोदाम आहे, तिथला वास किंवा धोका मुलांपर्यंत येईल का?

बैठकीच्या आमंत्रणात तिने लिहिलं होतं, 'विषय: बाळंतपणाच्या रजेनंतर नोकरी सुटू नये म्हणून रिकाम्या कोठीत पाळणाघर. टिपण पाठवते आहे. सूचना गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवाव्यात. उत्तर न आल्यास संमती समजू.' साहेबांच्या सेक्रेटरीने तेवढ्या दोन स्वल्पविरामांच्या चुका काढल्या. बाकी सगळे गप्प. गप्प म्हणजे राजी, असं तिने मनाशी धरलं होतं.

शेजारी मॅडम फोनवर तेच आमंत्रण उघडून बैठक किती वाजेपर्यंत आहे ते बघत होत्या. सहज म्हणून तिची नजर गेली. वेळ होती, जागा होती, गुरुवारची मुदत होती. खाली टिपण मात्र नव्हतं.

तिने टेबलाखाली स्वतःचा फोन काढला. तिच्याकडे होतं.

मग तिला आठवलं. साहेबांची वेळ हातची जाऊ नये म्हणून आमंत्रण आधी पाठवलं होतं, नुसतंच. टिपण दोन दिवसांनी जोडलं, त्याच वेळी सेक्रेटरीचं नावही घातलं. लेक मांडीवर किंचाळत होती. बदल सगळ्यांना कळवू की फक्त नव्या नावाला, असं कॅलेंडरने विचारलं, आणि तिने घाईत दुसरं दाबलं.

म्हणजे टिपण एकट्या सेक्रेटरीला गेलं होतं. साहेबांनी वाचलं नव्हतं. मॅडमनी वाचलं नव्हतं. आणि हेल्मेटकाकांनी...

"तर मग मंजूर लिहा," साहेब सेक्रेटरीला म्हणाले.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "माझी चूक झाली. सेक्रेटरी सोडून टिपण तुम्हाला कोणालाच मिळालेलं नाही."

मॅडमनी फोन पालथा ठेवला. साहेबांचे कान लाल झाले.

"नाही कसं?" साहेब म्हणाले. "मी चाळल्यासारखं..."

"गेलंच नाही, साहेब. प्रती आणते, दहा मिनिटं देता का? काका, तुम्ही निदान तिसरं पान वाचा."

तिने प्रती काढून आणल्या. सगळे शाळेतल्यासारखे खाली माना घालून वाचत होते. ती हेल्मेटकाकांकडे टक लावून बसली. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. पुढे सरकेना. चेहरा पांढराफटक.

"ही ती कोठी होय? मला वाटलं, गेटजवळची."

"नाही काका, मागची. गोदामाच्या बाजूला भिंत आहे ना पण?"

"भिंत कसली. प्लायवूड ठोकलंय. वरून रंग दिलाय म्हणून भिंत वाटते." त्यांनी पान उलटं ठेवलं. "मुलं झोपणार कधी?"

"दुपारी."

"दुपारीच पिंपं उघडून थिनर डब्यांत भरतो आम्ही. कोठीत नाकाला रुमाल लावावा लागतो."

हरकत नाही, असं म्हणून झालेलं होतं, ते शब्द कोणाला गिळता येत नव्हते.

"कोठी रद्द," साहेब शेवटी म्हणाले. "दुसरी जागा बघा. काकांना बरोबर घेऊन. मग पुन्हा बसू."

"कधी, साहेब?"

"पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात सासूबाई नसणार. तिने मान डोलावली.

सगळे पांगले. मॅडम मात्र रेंगाळल्या, हळूच म्हणाल्या, "अगं, गप्प बसली असतीस तर आज काम झालं असतं तुझं."

"हो ना," ती म्हणाली. "झालंच असतं."

तिने टेबलावरच्या प्रती गोळा केल्या. तिसरं पान वर ठेवलं, आणि दुसरी जागा बघायला हेल्मेटकाकांच्या मागे निघाली.