जुन्या पानावरचं झाकण

खिडकी बंद झाली त्याला चार दिवस झाले होते. कुणी बंद केली नव्हती. धाकट्या दिरानं आणलेल्या खोक्यांची रांग तिच्यासमोर उभी राहिली आणि खिडकी आपोआप गेली. प्रत्येक खोक्यात पन्नास झाकणं, अशी चाळीस खोकी. एक लिटरच्या थर्मासची, कंपनीची मूळ झाकणं, सीलबंद. खोलीत आता दार ते टेबल एवढीच वाट उरली होती आणि दिवसाही दिवा लावावा लागत होता.

टेबलाशी वहिनी बसली होती. घरात तिला सगळे वहिनीच म्हणत. दीर तर म्हणतच, पण कुरिअरवालाही म्हणायचा. एका मोठ्या विक्री-साइटवर या घराचं दुकान होतं आणि त्याची कॅटलॉगची सगळी कामं तिच्याकडे होती. खरेदी दिराची, पॅकिंग सासऱ्यांचं. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळे दुकानाचे निर्णय या तिघांतच व्हायचे. खरं तर दोघांत व्हायचे, आणि तिसरा ते निस्तरायचा.

तिनं झाकणाच्या खोक्यावरचा बारकोड यंत्रावर धरला. पडद्यावर लगेच पान उघडलं. फोटो, कंपनीचं नाव, चार हजारांवर अभिप्राय, साडेचार तारे, तीन विक्रेते. खाली बटण: ‘तुमची ऑफर जोडा’.

“दाब की,” मागून दीर म्हणाला. “मुंडावळ्या बांधून बसलंय ते बटण, आणि तू तिथी बघतेस.”

“भाऊजी, बाबांना येऊ दे.”

“बाबा काय करणार? बारकोड जुळला. विषय संपला.”

साइटचा नियम सरळ होता. एका वस्तूचं एकच पान. ते आधीपासून असेल तर सगळ्या विक्रेत्यांनी आपापली ऑफर त्याच पानाला जोडायची. वस्तू वेगळी असेल तर नवीन पान काढायचं. जुन्या पानाला जोडलं की तिथले तारे आयते मिळतात. नवीन पान म्हणजे शून्यापासून सुरुवात. या नियमाला भाऊजी गेल्या वर्षी कंटाळले होते. एका गाळणीच्या पानावर नऊ विक्रेते होते म्हणून त्यांनी विकतचा बारकोड चिकटवला आणि त्याच गाळणीचं वेगळं पान काढलं. आठवड्यात ताकीद आली: हे दुबार पान आहे, पुन्हा नियम मोडल्यास नवीन पानं काढण्याचा अधिकार काढून घेतला जाईल. ताकीद साइटवरच्या दुकानाच्या खात्यात अजून पिवळ्या पट्टीत दिसत होती. त्याखाली दुसरी ओळ होती: वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची गंभीर तक्रार आल्यास खातं बंद.

बाबा आले ते व्हर्नियर घेऊनच. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं सुटे भाग मोजले होते. निवृत्तीनंतरही मोजल्याशिवाय त्यांचा हात कशाला लागत नसे. त्यांनी नवीन झाकण मोजलं. मग स्वयंपाकघरातून घरचा थर्मास आणवला. तोच, त्याच कंपनीचा, सहा वर्षं वापरातला. त्याचं झाकण मोजलं.

“एकोणपन्नास पॉइंट दोन,” ते म्हणाले. “आणि हे सत्तेचाळीस पॉइंट सहा.”

“दीड मिलिमीटरनं काय होतंय?” भाऊजी म्हणाले.

बाबांनी व्हर्नियर खाली ठेवला. थर्मासात पाणी भरलं, नवीन झाकण लावलं आणि थर्मास आडवा करून भाऊजींच्या हातात दिला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.

“गार होतं म्हणून वाचलास, धाकट्या.”

खोक्यातल्या पत्रकावरून कळलं, कंपनीनं थर्मासचं तोंड बदललं होतं. नव्या थर्मासच्या बुडाला एक छोटा ठिपका होता, जुन्याच्या नव्हता. झाकणही बदललं होतं. बदलला नव्हता तो फक्त बारकोड.

“स्टोअरमध्ये आम्ही काय करायचो माहितीये?” बाबा म्हणाले. “एकाच्या जागी दुसरं बसत नसेल, तर नंबर वेगळा. मग ते दिसायला जुळं भावंड असलं तरी.”

वहिनीनं नवीन पान काढायला घेतलं. नाव, मापं, फोटो भरले आणि बारकोडच्या रकान्यात खोक्यावरचा आकडा टाकला. पडदा लाल झाला: हा बारकोड दुसऱ्या पानाला जोडलेला आहे. बारकोडातून सूट मागायचा पर्याय होता, पण ती बिनब्रँडच्या मालाला मिळते. इथे प्रत्येक झाकणावर कंपनीचं नाव उठावात कोरलेलं होतं. विकतचा बारकोड लावायचा तर ती गाळणीचीच पुनरावृत्ती झाली असती. जुनं पानच दुरुस्त करून घ्यावं, तर त्यावरचे तीन विक्रेते अजून जुनी झाकणं विकत होते. त्यांचा माल चुकीचा ठरला असता.

“म्हणजे जोडलं तरी मेलो, न जोडलं तरी मेलो,” भाऊजी म्हणाले.

“कंपनीला विचारते.”

“तू विचारत बस. उद्या मी ही खोकी तुझ्या माहेरी पाठवतो. तुझ्या आईला म्हणावं, आंदण परत आलं.”

ती फोन घेऊन गॅलरीत गेली. कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीनं तिला सात मिनिटं थांबवून ठेवलं आणि मग सांगितलं, “मॅडम, एकच वस्तू आहे. थोडी सुधारली आहे.” जुन्यावर बसत नाही, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, “सुधारली आहे म्हणून.” मग तिनं साइटच्या मदत-केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं बारकोड विचारला, पान सांगितलं आणि म्हणाली, “आपण आपली ऑफर जोडू शकता.” तिनं आणखी दोनदा फोन लावला, दर वेळी तासभर ताटकळून; तिन्ही वेळा तेच वाक्य, त्याच चालीत.

ती खोलीत परतली तेव्हा तीन तास गेले होते. भाऊजी खुर्चीत होते. चेहऱ्यावर एसटीत खिडकीची जागा मिळालेल्या माणसाचं समाधान.

“अकरा,” ते म्हणाले.

“काय अकरा?”

“ऑर्डरी. जोडून टाकलं मी. कुणीतरी करायलाच हवं होतं.”

तिनं त्यांना उठवलं, पानावरच्या आपल्या ऑफरचा साठा शून्य केला आणि अकरा ऑर्डरींची यादी उघडली. उद्या चारपर्यंत सगळी पार्सलं निघायला हवी होती.

“शून्य केलंस? वहिनी, अगं चालती गाडी!”

“कुठे चाललीय ते बघितलंत का?”

ऑर्डरबद्दलचा प्रश्न ग्राहकाला विचारायला साइटची परवानगी होती. तिनं अकरा जणांना एकच निरोप पाठवला: आपल्या थर्मासच्या बुडाला ठिपका आहे का? नसेल तर हे झाकण गळेल. कृपया ऑर्डर रद्द करण्याची विनंती करावी. ग्राहकानं स्वतः विनंती केली तर रद्द झालेली ऑर्डर दुकानाच्या नावावर लागत नाही. दुकानानं आपणहून रद्द केली तर लागते.

संध्याकाळपर्यंत सहा उत्तरं आली, सकाळी आणखी तीन. चौघांकडे ठिपका होता. पाच जणांनी रद्दची विनंती केली. त्यांतल्या एकानं लिहिलं, ‘सांगितल्याबद्दल आभार, पण मग विकताच कशाला?’ वहिनीनं ते भाऊजींना वाचून दाखवलं नाही. स्क्रीन तशीच ठेवली.

उरले दोघं. दुपारी दोन वाजले, तीन वाजले. चार पार्सलं बाबांनी बांधून दारात ठेवली. दोन झाकणं टेबलावर उघडी पडली होती.

“पाठवून दे,” भाऊजी म्हणाले. आता आवाज खाली आला होता. “ठिपकावाले निघतील कदाचित.”

“आणि नाही निघाले तर?”

“तक्रार करतीलच असं नाही.”

“चहा अंगावर सांडल्यावर माणूस लिहितो, भाऊजी. तेवढं मात्र सगळे लिहितात.”

तिनं हिशेब मांडून ठेवला होता. पाठवलं आणि गळलं, तर खातं बंद. तिनं स्वतः दोन ऑर्डरी रद्द केल्या, तर आठवड्याची मर्यादा ओलांडली जाणार. ती नियमभंगात धरली जाते, म्हणजे गाळणीच्या ताकिदीत जे लिहिलं होतं ते लागू होणार. खातं राहील; नवीन पान काढायचा अधिकार जाईल. आणि या खोलीतून बाहेर पडायचा रस्ता नवीन पानातूनच जात होता.

पावणेचारला तिनं दोन्ही ऑर्डरी रद्द केल्या. चार वाजून दहा मिनिटांनी पत्र आलं: नवीन पानं काढण्याचा अधिकार नव्वद दिवसांसाठी स्थगित.

“झालं,” भाऊजी म्हणाले. “आता या झाकणांवर गाद्या टाकून झोपू या.”

बाबा टेबलाशी बसले. त्यांनी कागद घेतला, दोन्ही झाकणांच्या आकृत्या काढल्या, मापं लिहिली, खाली थर्मास आडवा धरल्याचा फोटो जोडला आणि कंपनीच्या विक्री-विभागाला न पाठवता गुणवत्ता-विभागाला पाठवला. विषयाच्या जागी लिहिलं: ‘अदलाबदल न होणाऱ्या दोन भागांना एकच क्रमांक दिल्याबाबत’. वहिनी म्हणाली, कुणी वाचणार नाही. बाबा म्हणाले, “गुणवत्तावाला असा विषय वाचल्याशिवाय जेवत नाही.”

सोळाव्या दिवशी उत्तर आलं. चूक मान्य होती. नव्या झाकणाला नवा बारकोड दिला होता आणि जुन्या बारकोडावर चिकटवायला स्टिकर सगळ्या विक्रेत्यांना पाठवत होते. दोन हजार स्टिकरचं पाकीट त्याच आठवड्यात आलं. भाऊजींनी स्वतः खाली बसून ती चिकटवली. एकही वाकडं लागू दिलं नाही. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

पण पान काढता येत नव्हतं. वहिनी रोज सकाळी नवा बारकोड शोधायची आणि रोज तेच उत्तर यायचं: असं उत्पादन सापडलं नाही. अजून सहासष्ट दिवस. पासष्ट. चौसष्ट.

एकसष्ट दिवस उरले असताना पान दिसलं. जुन्या पानावरच्या तीन विक्रेत्यांपैकी कुणीतरी ते काढलं होतं. नवा बारकोड, एक फोटो, शून्य अभिप्राय, एक विक्रेता. खाली तेच बटण. जोडायला अधिकार लागत नव्हता.

“वहिनी!” भाऊजी खोक्यांमधून आडवे होत आले. “आलं की गं! जोड, जोड.”

बाबांनी चष्मा लावला आणि पान मोठ्यानं वाचायला घेतलं. नाव बरोबर. रंग बरोबर. माप दिलेलंच नव्हतं. चौथी ओळ: ‘कंपनीच्या एक लिटरच्या सर्व थर्मासना चालते.’

दिव्याखाली बटण तसंच होतं.

वहिनीनं ‘या पानात दुरुस्ती सुचवा’ उघडलं. ‘सर्व’ हा शब्द काढला. ‘फक्त बुडाला ठिपका असलेल्या थर्मासना’ असं लिहिलं. माप टाकलं, बाबांची आकृती आणि कंपनीचं पत्र जोडलं. पाठवलं. उत्तर आलं: दुरुस्ती विचाराधीन. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं.

भाऊजींचा हात माऊसपाशी पोचला होता. बाण बटणावर होता. वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, पण हात धरला नाही.

त्यांनी हात काढून घेतला आणि पॅंटला पुसला. त्याच हातावरून पाणी गेलं होतं.

“नको,” ते म्हणाले. “ती ओळ बदलू दे.”

मग त्यांनी खिडकीसमोरची वरची दोन खोकी उचलून दाराच्या वाटेत ठेवली. वाट बंद झाली, पण टेबलावर हातभर उजेड आला.