बाजा

माझ्या बहिणीला, दीप्तीला, जाऊन अकरा दिवस झाले होते. आण्णांनी, आमच्या वडिलांनी, अंथरूण धरलं होतं. "एकदा तिचा आवाज ऐकव गो," एवढंच ते म्हणत.

आवाज एकाच ठिकाणी होता. पुण्यात ती स्पॅनिश शिकवायची. स्पेनमधल्या एका ॲपवरच्या पॉडकास्टमध्ये ती आपल्या गावाबद्दल बोलली होती, बावन्न मिनिटं. उमरठला आमच्या घरी नेटवर्क नाही, म्हणून भाग आधीच उतरवून न्यायला हवा होता.

महाडहून मी चुलतभाऊ हर्षदच्या रिक्षात बसले आणि दीप्तीच्या फोनवर डाउनलोडचा बाण दाबला. काहीच हललं नाही. 'वायफायची वाट पाहत आहे' अशा अर्थाची स्पॅनिश ओळ आली. माझ्या फोनच्या कॅमेऱ्याने सेटिंग्जचं भाषांतर केलं. मोबाईल डेटावर डाउनलोड बंद होतं. ते चालू केलं. आवाजाच्या गुणवत्तेत सगळ्यात वरची, 'Muy alta', निवडली. दीप्तीला लहानपणापासून दमा. वाक्याआधी ती बारीक श्वास ओढायची. मला तो हवा होता.

शेवटी झोपेचा टायमर 'भाग संपल्यावर' वर ठेवला. नाहीतर ॲप आपणहून दुसऱ्या कुणाचा भाग लावतं.

पोलादपूरला एकतीस टक्के. मी औषधं आणायला उतरले. परतले तेव्हा हर्षद खूश होता.

"ताई, झालं! अडकलंवतं, मी पुसलं नि पुन्यांदा उतरवलं. तुझं ते मुय काय ते नको. खाली 'बाजा' लिवलं हाय ना, तेच लावलं. बाजा म्हंजे वाजणारच!"

पडद्यावर 'Baja' होतं. स्पॅनिश उच्चार बाहा. म्हणजे कमी.

"अरे गाढवा, सगळ्यात वाईट आवाज आहे हा!"

"मंग आता?"

पुन्हा 'Muy alta' लावून पाहिलं असतं, पण आण्णा वाट पाहत होते. पुढे रेंज नव्हती. तसेच निघालो.

फोन आण्णांच्या उशीशी ठेवला. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता. स्पॅनिशमधलं आण्णांना काहीच कळत नव्हतं. मध्येच 'उमरठ' आलं, तेव्हा त्यांनी बोट उचललं. मी श्वास शोधत होते. कमी गुणवत्तेत बारीक आवाज आधी कापले जातात. दोन वाक्यांमध्ये नुसती पोकळी होती.

भाग संपला. टायमरने शांतता राखली.

"अनू," आण्णा म्हणाले, "दम लागत नाय गो तिला."

हर्षदने माझ्याकडे पाहिलं.

"नाही, आण्णा."

"बरं झालं. परत लाव."

मी टायमर पुन्हा ठेवला आणि लावलं.