पोसायडनचं नाणं

सकाळी कामावर आले तेव्हा माझ्या संगणकावर एका नाण्याचे तीन फोटो उघडून ठेवलेले होते. सोबत आमच्या कक्षाचे प्रमुख डॉक्टर नाजी यांची चिठ्ठी होती: ‘राजा अँटिगोनस, ख्रिस्तपूर्व तिसरं शतक. अहवालावर सही कर, सौसन. वर कळवलंय.’

अलेक्झांड्रियाच्या विमानतळावर सामानात किंवा अंगावर प्राचीन वस्तू सापडली की ती आमच्या कक्षाकडे येते. रात्रपाळीवाल्यांनी अथेन्सला निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यातलं, या नाण्याचं केलेलं पदक काढून घेतलं होतं. वस्तू सरकारी वकिलाच्या मोहोरबंद पिशवीत गेली होती, म्हणून मला मिळाले ते फक्त फोटो. एक पुढचा, एक मागचा, एक कडेचा. बाजूला पट्टी ठेवलेली.

पहिल्या नजरेत मीही दचकले. दाढीवाला समुद्रदेव पोसायडन, केसांत समुद्री वेलींचा मुकुट. मागे जहाजाचं नाक आणि त्यावर बसलेला अपोलो. अँटिगोनसच्या चांदीच्या नाण्यावर अगदी हेच असतं. रात्रपाळीच्या पोरांना मी दोष देत नाही.

मग मी पट्टीकडे पाहिलं. अठ्ठावीस मिलिमीटरच्या थोडं वर. अँटिगोनसचं मोठं नाणं सहसा तिशीच्या पुढचं असतं, जाडही असतं. तेवढ्यावर काही ठरत नाही, पण शंका आली. कडेचा फोटो मोठा केला आणि शंका राहिली नाही. कडेवर एकसारख्या उभ्या खाचा होत्या. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची कड वेडीवाकडी असते, कुठे चिरलेली, कुठे फुगलेली. अशा खाचा यंत्रच पाडतं. नाणं गोलही कंपासाने काढल्यासारखं होतं, आणि काठाला सारखी उचललेली किनार होती.

वर्ष आणि किंमत घासून सपाट झाली होती. वर साखळीसाठी कडी डाक लावून जोडली होती, तिथे डाक अक्षरांवर पसरला होता. पण काठाने वळत गेलेली पाच ग्रीक अक्षरं वाचता येत होती: ओमिक्रॉन, कप्पा, रो, अल्फा, ताउ. ‘ओक्रात’. ही ‘दिमोक्रातिआ’ची मधली अक्षरं. प्रजासत्ताक. अँटिगोनस स्वतःला राजा म्हणवायचा आणि नाव जहाजाच्या फळीवर सरळ ओळीत कोरायचा. काठाने प्रजासत्ताक लिहिणारा तो नव्हे. विसाव्या शतकात ग्रीसमध्ये राजाला घालवून काही वर्षं प्रजासत्ताक आलं होतं, तेव्हा १९३० साली त्यांनी जुन्या नाण्याची नक्कल करून वीस द्राख्मांचं नाणं पाडलं. हे ते नाणं.

मी बाहेर गेले. बाई बाकावर ताठ बसल्या होत्या. मदाम इवान्थिया. इथल्याच इब्राहिमिया भागात जन्मलेल्या, तिथलं घर आवरून लेकीकडे निघालेल्या. अरबी आमच्यापेक्षा अस्सल. विमान निघून गेलं होतं.

“तुम्हीही सही मागायला आलात का?” त्या म्हणाल्या.

“कसली सही?”

“‘प्राचीन वस्तू मी स्वखुशीने सरकारजमा करते.’ ती केली असती तर आत्ता अथेन्सला पोचले असते. त्या पोराला म्हटलं, हे माझ्या आजीचं. तर विचारतो, आजीने कुठे खणलं? म्हटलं, बाबा, माझी आजी शिवणकाम करायची, खणायची नाही.”

“सही करून मोकळ्या का नाही झालात?”

“मी चोर नाही म्हणून.” त्यांनी पदर झटकावा तसा हातरुमाल झटकला. “आणि जुनं म्हणून जप्त करायचं तर मलाच करा की. मी त्या नाण्याहून फार लहान नाही. चहा मिळेल का, साखर जास्त?”

चहा पाठवला आणि डॉक्टर नाजींच्या खोलीत गेले. फोटो टेबलावर ठेवले, कडेचा सर्वांत वर. त्यांनी पाहिला आणि बाजूला सारला.

“तुला वाटतं मला खाचा दिसल्या नाहीत?” ते हळू आवाजात म्हणाले.

मला वाटलं होतं ते चुकलेत. चुकलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं.

“मग अँटिगोनस कुठून आला?”

“रात्री झोपेत होतो, पुढचा फोटो आला, मी वर कळवून टाकलं. सकाळी पेपरात आलं. आता मागे कसा घेऊ? सही कर. नंतर प्रयोगशाळा म्हणेल नकली, प्रकरण मिटेल.”

“तोवर त्या बाई कोठडीत.”

“दोन-तीन दिवस.”

“ऐंशीच्या आहेत, डॉक्टर.”

“सौसन, वाळवंटातल्या आपल्या वस्तूंच्या कोठाराला माणूस हवाय. मला तुझं नाव द्यायला लावू नकोस.”

“द्या,” मी म्हणाले. “नाव नीट लिहा म्हणजे झालं. मागच्या वेळी ‘सुझान’ लिहिलं होतं.”

दुपारी सरकारी वकील आला; बाईंना धरायचं की सोडायचं हे तोच ठरवणार होता. तरुण, घाईत असलेला माणूस. डॉक्टरांनी स्वतःचा अहवाल पुढे केला. मी माझा पुढे केला आणि १९३० च्या नाण्याचा, नाण्यांच्या सूचीतला फोटो पदकाच्या फोटोशेजारी ठेवला.

“ही पाच अक्षरं एखाद्याच्या नावातलीही असू शकतात,” डॉक्टर म्हणाले. “तिमोक्रातिस, मेनेक्रातिस. जुन्या नाण्यांवर अशी नावं येतात.”

“मेनेक्रातिसमध्ये ओ नाही. तिमोक्रातिसमध्ये आहे,” मी म्हणाले. “पण त्याने कडेला खाचा पाडायचं यंत्र कुठून आणलं?”

वकिलाच्या ओठांवर हसू आलं, ते त्याने गिळलं. “आणि खाचा नंतर कोणी कानशीने पाडल्या असतील तर?”

प्रश्न चांगला होता. “तर किनार कापली गेली असती, अंतरं चुकली असती. पिशवी उघडा आणि सूचीतल्या फोटोशेजारी ठेवून बघा.”

डॉक्टर म्हणाले, मोहोर तोडायची गरज नाही. वकिलाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मोहोर तोडली. नाणं फोटोशेजारी ठेवलं. जहाजाशी जहाज, अक्षरांशी अक्षरं जुळली. त्याने कडेवरून नख फिरवलं आणि बाईंना आत बोलवायला सांगितलं.

“मदाम, तुमचं नाणं. तुम्ही जाऊ शकता.”

बाई हलल्या नाहीत. “लिहून द्या.”

“काय?”

“की मी चोरी केली नाही. पेपरात छापलंत ना? मग कागदावर द्या. नाहीतर मी इथेच बसते. चहा बरा आहे इथला.”

वकिलाने लिहून दिलं. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक शब्द बदलून घेतला, मग पदक गळ्यात घातलं. जाताना माझ्या गालावर थोपटून म्हणाल्या, “पोरी, तुझं काही खरं नाही आता.”

खरं होतं त्यांचं. आठवड्याभरात बदलीचा हुकूम आला. डॉक्टर नाजींनी निरोप पाठवला की ‘घाईत निष्कर्ष काढला’ असं दोन ओळींत लिहून दे, हुकूम थांबवतो. मी दोन ओळी लिहिल्या: ‘नाणं ग्रीक प्रजासत्ताकाचं आहे. कालही होतं.’

आता मी वाळवंटात, खारगाच्या कोठारात आहे. पंखा चालतो तेव्हा चालतो. बदलीविरुद्ध मी दावा लावला आहे, तारखा पडतायत. नवरा म्हणतो, मागे घे, घरी ये. मी पुढच्या तारखेचं तिकीट काढलंय.