कुंडलिकच्या गोळ्या

मढजवळच्या आरोग्य केंद्रात डॉ. समृद्धींनी चार वर्षं घासली होती, आणि त्यांच्या जागी आलेल्या डॉ. आदेशना दुसऱ्याच दिवशी नर्सबाई लाडानं विचारत होत्या, "सर, साखर कमी ना?" समृद्धींच्या चहात साखर कधी बरोबर पडली नव्हती. जळफळतच त्या उपचार अर्धवट राहिलेल्या रुग्णांच्या माहितीचं पत्र नव्या डॉक्टरांसाठी लिहायला बसल्या. सानिया, आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, दर आठवड्याला तपासणे. मग त्यांचा लाडका पेशंट कुंडलिक, टीबी, पाचवा महिना. 'गोळ्या नियमित,' त्यांनी ठसक्यात लिहिलं. 'फक्त माझंच ऐकतो' हे लिहिणं मात्र आवरलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुंडलिकचाच आवाज आला.

"खरं सांगू सायेब? तीन आठवडं गोळ्या उकिरड्यात टाकतोय. लई मळमळतं. रिकामी पाकिटं तेवढी दावतो."

"मॅडमना का नाही सांगितलं?"

"बाई वरडत्यात राव. तुमी निवांत ऐकता."

समृद्धींचे कान तापले. पत्र टराटरा फाडावंसं वाटलं. पण त्यांनी 'गोळ्या नियमित'वर काट मारली आणि लिहिलं, 'तीन आठवडे गोळ्या बंद. थुंकी तातडीने तपासणीला पाठवणे.'

आदेश दारात आले. "मॅडम, कुंडलिकचं जरा..."

"पत्रात लिहिलंय!" त्या खेकसल्या.

आदेशनी पत्र वाचलं. काट मारल्याची शाई अजून ओली होती आणि ती त्यांच्या अंगठ्याला लागली. अंगठा हळूच रुमालाला पुसत ते म्हणाले, "बरं झालं, लिहून ठेवलंत."

या चांगुलपणानं तर समृद्धींचा तिळपापड झाला.