विभाचं सरळ इंग्रजी

जपानमध्ये कोबेच्या विद्यापीठात इमारतींखालच्या जमिनीवर पीएचडी करणाऱ्या विभाच्या इंग्रजी प्रबंधावर तपासणीच्या सॉफ्टवेअरने शेरा मारला: ब्याऐंशी टक्के मजकूर यंत्राने लिहिलेला वाटतो. समितीने चौकशीला बोलावलं. पदवीच धोक्यात! बिचारीने एक वाक्यही एआयकडून लिहून घेतलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांपुढे मिरजेच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सुहासिनीबाई आल्या. सातवीच्या वर्गात बाई म्हणायच्या, "एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. अवघड शब्द घालून भाव खाऊ नका." तसं सरळ इंग्रजी लिहिलं की बाई शाबासकी म्हणून वहीवर नुसती टिचकी मारत. ती टिचकी मिळावी म्हणून विभाने उभी शाळा घालवली होती. बाई जाऊन वर्ष झालं होतं, आणि आज तिला त्यांची फार आठवण आली.

पण भीती वाईट. विभाने प्रबंध नव्याने लिहायला घेतला. वाक्यं मोडली, लांबवली, अडगळीतले शब्द घातले. एकच शब्द परत परत नको म्हणून इमारतीच्या भाराने जमीन दबण्याला कुठे 'सबसिडन्स' म्हटलं, कुठे आणखी काही. आकडा सहा टक्क्यांवर आला. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मोरिता-सेनसेईंना, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांना, प्रत दिली.

मोरितांनी दोन पानं वाचून चष्मा काढला.

"विभा-सान, जमीन भाराने दबली, की खालचं पाणी उपसल्यामुळे खचली?"

"भाराने, सेनसेई."

"मग इथे 'सबसिडन्स' का लिहिलंय? तो तर पाणी उपसून खचण्याचा शब्द. आपल्या विषयात एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द."

विभाने रडवेल्या आवाजात खरं ते सांगितलं. मोरिता हसले नाहीत. म्हणाले, "ते यंत्र पुढचा शब्द ओळखता येतो का, एवढंच बघतं. ओळखता आला की संशय. आपण परकी भाषा शाळेत शिकलो, म्हणून ठरलेलेच शब्द जपून वापरतो. माझा तरुणपणीचा निबंधही मी तपासून पाहिला. तेव्हा असली यंत्रं नव्हतीच, तरी तो मशीनने लिहिलाय म्हणे!" मग म्हणाले, "वाचणाऱ्याला कळत नसेल तिथे बदला. आकड्यासाठी नको."

विभाने जुनी प्रत परत काढली. एका ठिकाणी कारण अर्धवट राहिलं होतं, तेवढं स्पष्ट केलं. आकडा पुन्हा वर गेला. ती तशीच समितीपुढे गेली आणि फळ्यावर आकृत्या काढून पानन् पान समजावत राहिली. प्रश्न संपले, तरी समितीच्या अध्यक्षांनी सहीचं पेन हातातच धरलं होतं.

"शेवटचं विचारतो. लिहिताना कुणाची मदत घेतलीत?"

मोरिता खिडकीबाहेर बघू लागले. विभा खोटं बोलली नाही.

"हो, घेतली," ती म्हणाली. "सातवीत असताना."